साठजण रिअ‍ॅक्टिव्ह, लागण दहांनाच

ती आली तेव्हा तिच्या हातातला रिपोर्ट घड्या घालून घालून मऊ झाला होता. वय सव्वीस, पहिलीच खेप, चौथा महिना. गरोदरपणात ज्या नेहमीच्या रक्ततपासण्या करतात, त्यांत एचआयव्हीचीही होती. त्या ओळीपुढे छापलं होतं ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आणि शेजारी एक आकडा, १.६. हा कागद तिला काउंटरवरून कुणी काही न सांगता दिला होता. नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली होती आणि तो नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह होता. त्यामुळे घरात आता दुसराच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो कुणी उघडपणे विचारत नव्हतं.

तिने मला एवढंच विचारलं, “मॅडम, मी वाचलं की ही टेस्ट ९९.५ टक्के अचूक असते. म्हणजे मला हा आजार असण्याची शक्यता ९९.५ टक्के. असंच ना?”

असं नाही. तिच्यासारख्या बाईच्या बाबतीत ती शक्यता पाच-सहात एक एवढीच असू शकते, आणि तीही टेस्टमध्ये काही बिघाड नसताना. मी बरीच वर्षं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते आहे. हे गणित मी कितीतरी जणांना कागदावर मांडून दाखवलं आहे. तिच्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जे लिहिलं, तेच इथे मांडते.

समजा, जिथे ही लागण फार कमी आढळते अशा गटातल्या १०,००० जणांची तपासणी केली. या गटात हजारी एकाला लागण आहे असं धरू. म्हणजे १०,००० मध्ये खरोखर लागण झालेले १० आणि लागण नसलेले ९,९९०.

आधी ते १० जण घेऊ. आजच्या चांगल्या किट लागण झालेल्यांना सहसा चुकवत नाहीत, म्हणून दहाच्या दहा रिअ‍ॅक्टिव्ह आले असं धरायला हरकत नाही.

आता उरलेले ९,९९०. ‘९९.५ टक्के’ हा आकडा या लोकांबद्दल आहे. ज्यांना लागण नाही अशा दर हजार जणांपैकी ९९५ जणांना टेस्ट बरोबर ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणते आणि ५ जणांना चुकून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणते. हजारी पाच म्हणजे दहा हजारांमागे जवळजवळ ५०.

एकूण रिअ‍ॅक्टिव्ह आले ६०. त्यांतले १० खरे, ५० खोटे. त्या साठांच्या हातात असणारा कागद अगदी सारखा दिसतो, त्यावर तोच एक शब्द असतो. पण लागण त्यांच्यातल्या सहात एकालाच आहे.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पण हजारात पाचच चुका म्हणजे टेस्ट चांगलीच झाली की!” चांगलीच आहे. घोटाळा होतो तो वेगळ्याच जागी. हजारात पाच चुका हे प्रमाण कमी आहे, पण हजारात एक आजारी हे प्रमाण त्याहूनही कमी आहे. चूक दुर्मीळ असेल आणि आजार तिच्याहून दुर्मीळ असेल, तर रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्यांच्या रांगेत चुकीने आलेलेच जास्त भरणार.

आपण गोंधळतो, कारण दोन वाक्यं ऐकायला सारखी वाटतात. ‘निरोगी माणसांपैकी किती जणांना टेस्ट चुकून रिअ‍ॅक्टिव्ह ठरवते?’ हा एक प्रश्न. ‘रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्यांपैकी किती निरोगी असतात?’ हा दुसरा. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, हे शंभर टक्के खरं. पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊसच पडला असेल असं नाही. ऐन पावसाळ्यात तो अंदाज बहुतेकदा बरोबर ठरेल, भर उन्हाळ्यात बहुतेकदा चुकेल. ओला रस्ता दोन्ही वेळा तसाच दिसतो. कंपनी किटसोबतच्या माहितीपत्रकात पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापते. दुसऱ्याचं उत्तर तिला देताच येत नाही, कारण ते किटवर कमी आणि कोणाची तपासणी केली यावर जास्त अवलंबून असतं.

तीच किट दुसऱ्या गटावर वापरून बघा. जिथे दर दहात एकाला लागण आहे अशा गटातल्या १०,००० जणांना तपासलं, तर खरी लागण झालेले निघतील १,०००. लागण नसलेले ९,०००, त्यांच्यात हजारी पाच या हिशेबाने चुका ४५. एकूण रिअ‍ॅक्टिव्ह १,०४५ आणि त्यांतले १,००० खरे, म्हणजे शंभरात जवळपास ९६. किट तीच, रसायनं तीच, मशीन तेच. पहिल्या गटात ‘रिअ‍ॅक्टिव्ह’चा अर्थ ‘बहुधा नाही’ असा निघाला आणि दुसऱ्यात ‘जवळजवळ नक्कीच’ असा.

हे लक्षात न येणं फक्त सामान्य माणसापुरतं नाही. १९७८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलशी जोडलेल्या रुग्णालयांत डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी मिळून ६० जणांना असाच एक प्रश्न विचारला गेला. आजार हजारी एकाला, टेस्ट निरोगी माणसांत शंभरी पाच वेळा चुकते, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? उत्तर आहे सुमारे दोन टक्के. ते ६० पैकी ११ जणांना आलं. सगळ्यांत जास्त जणांनी, म्हणजे २७ जणांनी, ‘९५ टक्के’ असं सांगितलं. तिला कागद देणाऱ्या माणसाला मी म्हणूनच फार दोष देत नाही. पण तो कागद नुसताच हातात ठेवायला नको होता, हे मात्र म्हणतेच.

आता प्रश्न असा की, ज्यांना लागणच नाही अशा हजारातल्या पाच जणांच्या रक्तात टेस्टला दिसतं तरी काय?

यासाठी एलायझा या चाळणीच्या टेस्टची प्लेट डोळ्यांसमोर आणायला हवी. तळहाताएवढी प्लास्टिकची पारदर्शक प्लेट, तिच्यात ९६ छोटे खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यात माणसाचं सीरम टाकायचं. त्याच्या रक्तात एचआयव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी असतील, तर त्या तळाशी जाऊन चिकटतात. मग खळगा नीट धुवायचा, म्हणजे न चिकटलेलं सगळं निघून जातं. त्यानंतर असं द्रावण टाकायचं, जे चिकटलेल्या अँटिबॉडींना धरून बसतं, आणि शेवटी रंग आणणारं रसायन. जेवढ्या अँटिबॉडी जास्त, तेवढा रंग गडद. मशीन तो रंग मोजून एक आकडा देतं.

म्हणजे टेस्ट थेट विषाणू बघत नसते, तळाशी काही चिकटलंय का एवढंच बघत असते. (आजच्या बऱ्याच किट विषाणूचं पी२४ नावाचं प्रथिनही शोधतात, पण चिकटण्याचं तत्त्व तेच.) आणि माणसाच्या रक्तात कोट्यवधी तऱ्हेतऱ्हेच्या अँटिबॉडी फिरत असतात. दुसऱ्याच कुठल्या गोष्टीसाठी तयार झालेली एखादी अँटिबॉडी या तुकड्यांना थोडीशी चिकटते आणि खळगा किंचित रंगतो. नुकताच झालेला दुसरा संसर्ग, नुकतीच घेतलेली लस, शरीर स्वतःवरच उलटतं असे काही आजार, आणि कधीकधी गरोदरपण, यांत हे घडू शकतं. पुष्कळदा तर काहीच कारण सापडत नाही.

सुरुवातीच्या काळातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. रक्तपेढ्यांसाठीची पहिली एलायझा टेस्ट अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये मंजूर झाली. त्या वेळी प्लेटवर लावायचा विषाणू माणसाच्या पेशींमध्ये वाढवून, मग फोडून वापरत. कितीही शुद्ध केला तरी त्या पेशींचे कण सोबत यायचेच. ज्या बायकांची बरीच बाळंतपणं झालेली असतात, त्यांच्या रक्तात कधीकधी दुसऱ्या माणसाच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी असतात, कारण पोटातल्या बाळाच्या पेशी निम्म्या वडिलांच्या वळणाच्या असतात. या अँटिबॉडी विषाणूला नाही, तर त्या पेशींच्या कणांना चिकटायच्या आणि टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह यायची. पुढे प्लेटवर कृत्रिमरीत्या बनवलेली शुद्ध प्रथिनं लावायला लागले आणि या प्रकारच्या चुका पुष्कळ कमी झाल्या. कमी झाल्या, संपल्या नाहीत.

याशिवाय हातून होणाऱ्या चुका असतातच. खळगा नीट धुतला गेला नाही, शेजारच्या गडद खळग्यातला थेंब उडाला, नळ्यांची किंवा लेबलांची अदलाबदल झाली. म्हणून रिअ‍ॅक्टिव्ह आलं की शिस्त अशी की, तोच नमुना पुन्हा दोन खळग्यांत लावून बघायचा. धुण्याची चूक असेल तर ती इथे पकडली जाते. चिकट अँटिबॉडीची चूक मात्र इथे पकडली जात नाही, ती पुन्हा तशीच येते.

मग रेष कुठे मारायची? सगळेच खळगे थोडे ना थोडे रंगतात. कंपनी एक हद्द ठरवते, तिला आम्ही कटऑफ म्हणतो. नमुन्याच्या आकड्याला कटऑफने भागायचं. उत्तर एक किंवा जास्त आलं की रिअ‍ॅक्टिव्ह. तिच्या रिपोर्टवरचा १.६ तो हाच. ही हद्द मुद्दाम खाली ठेवलेली असते. वर नेली तर खोट्या घंटा कमी होतील, पण एखादी खरी लागण सुटेल, आणि ते रक्त उद्या दुसऱ्याच्या अंगात जाईल. चाळणीच्या टेस्टने संशयित एकही सुटू द्यायचा नाही, निवाडा पुढच्या टेस्टने करायचा, अशी ही वाटणी आहे. पहिल्याच टेस्टचा कागद निवाडा म्हणून वाचला की ती वाटणी मोडते.

या आकड्यावरून थोडा अंदाज येतो. जुनी, पक्की लागण असेल तर तो सहसा एकच्या कितीतरी पट वर असतो, खोटे रिअ‍ॅक्टिव्ह बहुतेक हद्दीच्या आसपास घुटमळतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नाही. अगदी नवी लागण असेल तरी सुरुवातीला आकडा असाच कमी येऊ शकतो. म्हणून १.६ बघून मी तिला ‘काळजी करू नका, काही नाही’ असं म्हटलं नाही.

निवाडा होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या टेस्टने. पुन्हा त्या साठ जणांकडे वळू. साठांनाही दुसरी टेस्ट लावली आणि तीही निरोग्यांत हजारी पाच वेळाच चुकते असं धरलं. दहा खरे पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह येतील. पन्नास खोट्यांपैकी किती पुन्हा चुकतील? हजारी पाच, म्हणजे पन्नासामागे पाव माणूस. असे दहा-दहा हजारांचे चार गट तपासले, तर चारांत मिळून एखादा. दोन्ही टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या माणसाला खरोखर लागण असण्याची शक्यता सहात एकवरून थेट शंभरात ९७-९८ वर जाते. हे घडतं ते दुसरी टेस्ट पहिलीपेक्षा हुशार असते म्हणून नव्हे. ती ज्या साठ जणांवर चालली, त्यांच्यात लागण हजारी एक राहिलेली नाही, सहात एक झाली आहे.

या हिशेबात एक अट मात्र दडलेली आहे. दुसऱ्या टेस्टची चूक पहिलीच्या चुकीशी जोडलेली नसावी. तीच किट पुन्हा वापरली, किंवा नाव वेगळं पण प्रथिनाचे तुकडे तेच असलेली वापरली, तर तीच अँटिबॉडी तिथेही चिकटेल. मग पावऐवजी पन्नासातले बरेच जण पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह येतील, आणि दोनदा आलं म्हणजे नक्कीच, असा खोटा विश्वास बसेल. म्हणून दुसरी आणि तिसरी किट वेगळ्या बनावटीची हवी. रिपोर्ट हातात घेणाऱ्याने लॅबला बिनदिक्कत विचारावा असा प्रश्न कोणता, तर हाच: पुढची टेस्ट वेगळ्या किटवर केली का?

जागतिक आरोग्य संघटनेचा नियमही याच गणितावर बेतलेला होता. जिथे तपासल्या जाणाऱ्या लोकांत लागण पाच टक्के किंवा जास्त, तिथे लागोपाठ दोन टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावर निदान करायचं. पाच टक्क्यांहून कमी असेल तर तीन. मग जगभर बरेच रुग्ण आधीच शोधले गेले, उपचाराला लागले, आणि नव्याने तपासणीला येणाऱ्यांत लागण कमी कमी आढळू लागली. तेव्हा २०१९ मध्ये संघटनेने सगळीकडेच तीन रिअ‍ॅक्टिव्ह टेस्टची शिफारस केली. किट वाईट झाल्या म्हणून नव्हे, समोरचा माणूस बदलला म्हणून.

हे ध्यानात न घेता सरसकट चाळणी लावली की काय होतं, ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात दिसलं. १९८८ च्या सुरुवातीपासून तिथे लग्नाचा परवाना हवा असेल तर एचआयव्ही तपासणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची तपासणी झाली आणि लागण आढळली ८ जणांना. साधारण नऊ हजारांत एक. आपल्या ९९.५ टक्क्यांच्या टेस्टने हा हिशेब केला, तर अशा गटात एकट्या पहिल्या चाळणीत साडेतीनशेच्या आसपास खोटे रिअ‍ॅक्टिव्ह निघतील. आठ खऱ्यांसाठी साडेतीनशे जोडप्यांच्या घरात लग्नाच्या तोंडावर हा कागद जाणार. बरीच जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करू लागली आणि १९८९ मध्ये तो कायदा रद्द झाला.

लागण फार कमी आढळते अशा गटाला आम्ही ‘कमी जोखीम’ म्हणतो; या शब्दांबद्दल इथे बोलायलाच हवं, कारण त्यावरून माणसं दुखावली जातात. हे कुणाच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र नाही. त्या माणसासारख्या हजारो जणांत लागण किती आढळते, एवढाच त्याचा अर्थ. सुई टोचण्याचा अपघात, जोडीदाराची लागण, न तपासलेलं रक्त चढवणं, यांतलं काही घडलेलं असेल तर तोच १.६ वेगळा वाचावा लागतो. म्हणून काउन्सेलर हे प्रश्न विचारतात. खरं उत्तर दिलं तर हिशेब बरोबर बसतो.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. कमी जोखमीच्या माणसाची टेस्ट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर ती जवळजवळ शंभर टक्के विश्वासार्ह असते, अपवाद फक्त अगदी ताज्या लागणीचा. लॅबमधली अँटिबॉडी आणि पी२४ दोन्ही शोधणारी टेस्टही संपर्कानंतर साधारण १८ ते ४५ दिवसांनी लागण दाखवते. त्याआधीचा रिपोर्ट कितीही चांगला दिसला तरी तो अपुरा असतो.

तिच्या रक्तावर आम्ही वेगळ्या बनावटीच्या दोन किट लावल्या. दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. तरी दोन आठवड्यांनी पुन्हा नमुना मागितला, कारण लागण खरोखरच नवी असेल तर या काळात अँटिबॉडी भराभर वाढतात आणि आकडा उसळतो. खोटा रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर तो आहे तिथेच रेंगाळतो. त्याच पहिल्या किटवर या वेळी आला १.५. बाकीच्या दोन पुन्हा नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, आणि थेट विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या टेस्टमध्येही काही सापडलं नाही. ते दोन आठवडे तिने कसे काढले, हे तिने मला सांगितलं नाही. या वेळी मात्र नवरा सोबत आला होता आणि फाइल त्याच्या हातात होती.

जाताना मी तिला एक कागद लिहून दिला: कोणत्या किटवर कोणत्या तारखेला किती आकडा आला, कोणत्या दोन किटवर आला नाही, आरएनए टेस्टचा निकाल काय, आणि शेवटी ‘एचआयव्हीची लागण नाही’. तिच्या रक्तातली ती चिकट अँटिबॉडी आणखी काही काळ तिथेच राहील. पुढच्या खेपेला, एखाद्या ऑपरेशनच्या आधी, किंवा तिने रक्तदान करायचं ठरवलं तर, कुठल्यातरी लॅबमध्ये त्याच बनावटीची किट असू शकते. तेव्हा हा कागद आधी दाखवा, असं मी तिला सांगितलं. तिने तो घडी न घालता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला.